अक्षरी साडेआठ, अंकी साडेनऊ

माझी आत्या पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रं तपासायची. बाबांची थोरली बहीण, पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली. आमच्याकडेच गॅलरीलगतच्या खोलीत राहायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची आणि लगेच विचारणाऱ्याला चहा ठेवायची. आई मात्र वेगळंच सांगायची. बघायला आलेल्या प्रत्येकात आत्याने म्हणे काहीतरी खोट काढली होती. एकजण बोलताना वाक्य अर्धवट सोडायचा, दुसऱ्याने बशी फुंकून फुंकून सगळा चहा मांडीवर उडवला.

पतसंस्थेत येणारे बहुतेक छोटे दुकानदार. भाड्याच्या गाळ्यात धंदा असेल तर कर्जाच्या अर्जाबरोबर भाडेपावत्या लागायच्या, आणि लोक त्यांचे फोटो मोबाइलवरून पाठवायचे. एखादा फोटो तिरका यायचा, एखाद्यात अंगठ्याखाली सहीच गडप. आत्या फोटो स्क्रीनवर मोठा करून आकड्याच्या चौकटीवर कागदाचा कपटा धरायची. आधी अक्षरी रक्कम वाचून टिपून ठेवायची, मग कपटा काढून आकडा बघायची.

"उलटं का नाही करत?" मी एकदा विचारलं होतं.

"आकडा आधी दिसला ना, की अक्षरांतही तोच दिसायला लागतो. डोळा भारी आज्ञाधारक असतो गं."

ब्यूटी पार्लरवाल्या बाईंचा अर्ज असाच तिच्या टेबलावर आला. पार्लरशेजारची रिकामी खोली घेऊन तिथे दोन खुर्च्या वाढवायच्या होत्या. वर्षभराच्या पावत्या आत्याने एकामागून एक वाचल्या. अक्षर सुरेख, वळणदार, शाईपेनाचं. वाचता वाचता ती म्हणे स्वतःशीच "वा" म्हणाली. मग एका पावतीवर थबकली. अक्षरी लिहिलं होतं, 'रुपये साडेआठ हजार फक्त'. कपटा काढला तर आकडा ९,५००. फोटो जरा धूसर होता म्हणून तिने तीच पावती उजेडात ठेवून पुन्हा पाठवायला सांगितली. दुसरा फोटो लख्ख आला. घोळ तसाच.

पार्लरवाल्या बाई मूळ पावती घेऊन धावत आल्या. "ताई, साडेनऊच दिलेत हो मी! बाकीच्या सगळ्या पावत्या बघा ना, सगळीकडे साडेनऊच आहे."

"बघितल्या. पण या महिन्यात तुम्ही किती दिलेत ते बाकीच्या पावत्या कशा सांगणार?"

"मग आकडा धरा की. नाहीतर अक्षरी धरा! चेकला अक्षरीच धरतात म्हणे."

"चेकचं चेकपाशी. इथे कुठलं खरं ते मी मनाने ठरवायचं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनी सांगायचं. मालकांना पावतीपुस्तक घेऊन यायला सांगा. आजच, संध्याकाळी कर्ज समितीची बैठक आहे."

मालक तासाभरात हजर. वरच्या मजल्यावर राहणारे, खालचे गाळे भाड्याने दिलेले, घड्याळदुरुस्तीतून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. आल्या आल्या म्हणाले, "माझी चूक असेल तर आधी चहा मी पाजतो. यांची चूक असेल तर यांनी पाजायचा."

"चहा नंतर. आधी स्थळप्रत दाखवा," आत्या म्हणाली.

पावतीपुस्तकात फाडून दिलेल्या पावतीची नोंद मालकाकडे राहते, तीच स्थळप्रत. त्या पानावर अंकी ९,५०० आणि अक्षरी साडेनऊ हजार, दोन्ही जुळत होतं. पुढचं पान उलटलं. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराची पावती, तारीख तीच, भाडं साडेआठ हजार.

मालकांनी कपाळावर हात मारला. "दोघं एकदमच आले होते! ते त्यांचं भाडं मोजत होते आणि मी यांची पावती लिहीत होतो. कानांनी हाताला चकवलं बघा." मग गडगडाटी हसले. रोखपालसुद्धा काचेआडून मान काढून बघायला लागला.

हसता हसता त्यांनी पेन उघडलं आणि आठवर नऊ गिरवायला निघाले.

"अहो, खाडाखोड नको!" आत्याने पावतीवर हातच ठेवला. "ही रद्द करा. तिच्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहा, सही करा आणि पुस्तकात त्याच स्थळप्रतीला टाचून ठेवा. नवी पावती द्या आजच्या तारखेची. कोणत्या महिन्याचं भाडं, कधी मिळालं ते लिहा, आणि अमुक नंबरच्या रद्द पावतीऐवजी दिली, असंही."

त्यांनी सांगितल्याबरहुकूम लिहिलं. आत्याने कपटा धरला, वाचलं, कपटा काढला, पुन्हा वाचलं. "जुळलं," ती म्हणाली. पार्लरवाल्या बाईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. संध्याकाळी कर्ज मंजूर झालं, आणि मालकांनी अख्ख्या कार्यालयाला चहा पाजला.

पुढच्या महिन्यात ते पावत्या घेऊन पुन्हा आले. "द्यायच्या आधी नजर टाकता का? माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही."

"हे आमच्या संस्थेचं काम नाही," आत्या म्हणाली आणि तपासून दिल्या.

त्याच्या पुढच्या महिन्यात परत आले. आत्याने सगळ्या पावत्या शांतपणे वाचल्या. "एकही चूक नाही."

"माहीत आहे. घरून दोनदा बघूनच निघालो."

"मग आणल्यात कशाला?"

गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. पण वाक्य अर्धवट सोडलं नाही. "तुम्ही वाचता तेव्हा समोर बसून राहावंसं वाटतं, म्हणून."

हे सगळं आत्याने आम्हाला रात्री जेवताना, पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून सांगितलं. बाबांना ठसकाच लागला. पोळ्या लाटणाऱ्या आईने उठून त्यांच्या पाठीवर थापट्या मारत आत्याला विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात, वन्सं?"

"म्हटलं, संस्था साडेपाचला बंद होते. त्यानंतर बसा."

आई पुढे झाली आणि तिने आत्याला मिठी मारली. पिठाचे हात तसेच. आत्याच्या निळ्या साडीवर दोन पांढरे पंजे उमटले आणि ती चक्क लाजली. मी तिला तशी कधी पाहिलीच नव्हती.

मग ते घरी येऊ लागले. बंद पडलेलं आमचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी पहिल्याच भेटीत खाली उतरवलं. बाबा सुरुवातीला फुगून बसायचे, बहिणीला कुणी फसवतंय की काय म्हणून वाकडेतिकडे प्रश्न विचारायचे. ते प्रत्येकाचं सरळ उत्तर द्यायचे. शेवटी बाबाच एका रविवारी म्हणाले, "उशीर कशाला करताय आता?"

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. पार्लरवाल्या बाईंनी त्या दिवशी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं, आत्याला वाढवलेल्या खोलीतल्या कोऱ्या खुर्चीत बसवलं आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. केस असे काही बांधले की आत्या आरशात बघून म्हणाली, "ही कोण?" चपलांच्या दुकानदाराने नव्या चपला आणल्या. "माझ्या साडेआठ हजारांमुळे हे जमलं, तेव्हा मान माझा पहिला," असं तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होता.

आता मी त्या घड्याळवाल्यांना आतोबा म्हणते. आत्या त्यांच्या घरी राहते. संध्याकाळी मी कॉलेजमधून तिकडे वळले की जिन्यातच दोघांचे आवाज ऐकू येतात. आतोबा काहीतरी सांगत असतात आणि आत्या एवढ्या मोठ्याने हसत असते की खाली पार्लरमधल्या बायका माना वर करून बघतात.