चार-पाचची सुट्टी

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळा मिशनची. तिला लागून वसतिगृह होतं, आणि त्यात धडगावकडच्या डोंगरातल्या चौदा मुली राहत. मीही तिथेच एका खोलीत राहायचे. शाळेच्या मुख्य बाई अमेरिकेतून आलेल्या. सगळे त्यांना मडमबाई म्हणत. इकडे येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, पण मराठी त्या नेटाने शिकल्या होत्या आणि पुस्तकातल्यासारखी सावकाश बोलत.

त्या वर्षी विहिरीने फाल्गुनातच तळ दाखवायला सुरुवात केली. मिशनच्या गावोगावच्या फेरीवर निघण्याआधी मडमबाईंनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. सुट्टी ४/५ पासून, शाळा पुन्हा ६/७ ला. मराठीत कागद लिहून डोंगरातल्या गावांना पाठवा, एवढंच त्या म्हणाल्या. मी आकडे जसेच्या तसे उतरवले आणि कागद रवाना केले. चार मे. उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षी साधारण तेव्हाच लागायची, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

मडमबाई फेरीवरून परत आल्या तो दिवस तीन एप्रिलचा होता. टांग्यातून उतरता उतरता त्यांनी विचारलं, "मुलींचे वडील येऊ लागले का?"

"आत्ताच कसे येतील? अजून महिना आहे, मडमबाई."

त्या तशाच पायरीवर थांबल्या. "महिना? सुट्टी परवा आहे. मी स्वयंपाकिणीला परवापासून रजा दिली आहे. विहिरीत चार दिवसांचं पाणी आहे."

मी धावत जाऊन त्यांची चिठ्ठी आणली. दोघी टेबलावर वाकलो. त्यांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा एप्रिल. चौथा महिना. आणि ही पाच तारीख."

"आम्ही तारीख आधी लिहितो," मी म्हणाले. "ही चार. हा पाचवा महिना, मे."

"आमच्याकडे महिना आधी," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, सगळीकडे तसंच."

 मला एक गोष्ट आठवली होती, पण ती मी त्या दिवशी त्यांना सांगितली नाही. दिवाळीच्या सुट्टीच्या चिठ्ठीत त्यांनी १०/२५ लिहिलं होतं. पंचविसावा महिना कुठे असतो? लिहिताना हात चुकला असेल, असं समजून मी आपणच २५/१० केलं होतं. तेव्हा विचारलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता. दोन्ही आकडे बाराच्या आत असले की कागद दोन्हीकडून खरा वाटतो. जंगलखात्याच्या नाकेदाराने डोंगरातल्या गावागावांत तो वाचून दाखवला असेल, चार मे म्हणून, आणि त्याचंही काही चुकलं नव्हतं.

डोंगरात निरोप पाठवायचा तर माणसाला जायला दोन दिवस, यायला दोन. तोवर पाणी संपणार. मला एका जागी बसवेना. मुलींच्या पेट्या मोजायच्या, पुन्हा मोजायच्या, विहिरीत डोकावायचं, रस्त्यावर जाऊन यायचं. मुली माझ्या मागेमागे फिरत विचारत, "बाई, काय झालं?" मी म्हणे, "काही नाही," आणि त्या जास्तच घाबरत.

शेवटी तळोद्याच्या बाजाराची आठवण झाली. मोहाचे दिवस होते. डोंगरातली माणसं फुलं, डिंक, चारोळी घेऊन बाजाराला उतरतातच. बाजार पाच तारखेलाच होता. आम्ही दोन बैलगाड्या जुंपल्या आणि पहाटे निघालो.

बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली मी मुलींना बसवलं आणि येणाऱ्या प्रत्येक टोपल्याकडे बघत उभी राहिले. कुणाचा बाप भेटला, कुणाची मावशी, कुणाच्या गावचा शेजारी. प्रत्येकाला तेच सांगायचं, की तारीख चुकली, मुलीला आज घेऊन जा. बहुतेक जण खूशच झाले, मोह वेचायला दोन हात आले. त्या घाईत शाळा उघडायचा दिवस सांगायचं सुचलं ते काहींच्या बाबतीत, काहींच्या बाबतीत राहूनच गेलं. उन्हं कलली तेव्हा तेरा मुली गेल्या होत्या आणि एक उरली होती, वसतिगृहातली सगळ्यात लहान.

तिच्या गावचा एक चुलता मात्र भेटला. तो म्हणाला, "घरी कोणी नाही, बाई. आईबाप लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला गेले, खापर गावाच्या पलीकडे. सुट्टीच्या दिवशी तिचा बाप येईल. दोरीला गाठी मारून घेतल्यात त्याने, रोज एक सोडतो."

"तुम्ही नेता का तिला?"

त्याने मागच्या पोरांकडे बोट दाखवलं. त्याच्याबरोबर आधीच चार मुलं होती आणि घाट चढायचा होता.

मी तिला माझ्या माहेरी घेऊन गेले.  आमचं शेतकऱ्याचं घर, त्या काळी डोंगरातल्या माणसाला ओट्याच्या आत कुणी घेत नसे. आई दारातच उभी होती. तिने मुलीकडे पाहिलं.

"हाई पोर कोनी शे व?"

ती कुणाची, इथे कशी आली, मी सगळं सांगितलं. आईने दारातून बाजूला न होता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवनी का नही ती? पह्यलं तिले खावाले दे."

पहिले आठ दिवस मुलीचं ताट ओट्यावर होतं. नवव्या दिवशी आईने ते चुलीजवळ घेतलं. का, ते मी विचारलं नाही. मुलगी मात्र रोज सकाळी मला एकच विचारायची, "आज चार का?" मी नाही म्हटलं की ती मुकाट्याने आईबरोबर शेण गोळा करायला जाई. महिनाभर ते ऐकून मला तारखेचं नाव नकोसं झालं.

तीन मेला आम्ही दोघी शाळेत परतलो. मडमबाई थंड हवेच्या ठिकाणी गेल्या होत्या, दाराला कुलूप होतं. मी शेजारून एक घागर पाणी मागून आणलं. चार तारखेला सकाळी मुलगी रस्त्यावरच उभी होती. बाप चालत आला, पायावर पांढरी धूळ. कुलूप, रिकामं अंगण आणि एकटी मुलगी पाहून तो जागीच थबकला.

"बाई," तो मोडक्या मराठीत म्हणाला, "मी मोजायला चुकलो का?"

"नाही. तुम्ही बरोबर आलात. चूक आमची झाली."

त्याला ते पटलं नाही. तो पुन्हा पुन्हा बोटं मोजत होता. मुलीने त्याचा हात धरून त्याला विहिरीकडे नेलं आणि ती महिनाभरातलं सगळं त्यांच्या भाषेत भडाभडा सांगायला लागली. मला एक शब्द कळला नाही. मधेच बापाने वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. त्या जोडलेल्या हातांपुढे मला फार लाज वाटली.

निघताना मी त्याला सांगितलं, "शाळा मृग निघेल त्या दिवशी. सात जून." मृग म्हटल्यावर त्याने लगेच मान हलवली. तसेच नवे कागद लिहून मी नाकेदाराकडे दिले. यावेळी महिन्याचं नाव अक्षरांत.

सात जूनला अकरा मुली आल्या, त्यांत ती धाकटीही होती. तिघींच्या गावी नवा कागद पोहोचलाच नाही. त्यांचे बाप जुन्या कागदाप्रमाणे सहा जुलैला निघाले, तर नाले भरलेले. दोघी श्रावणात आल्या. तिसरी आलीच नाही. तिचं लग्न ठरलं, असं कळलं.

मडमबाईंना मी दिवाळीच्या चिठ्ठीची गोष्ट तेव्हा सांगितली. त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही मला विचारायला घाबरलात, ही माझी चूक," एवढंच म्हणाल्या. मला मात्र वाटत राहिलं, की त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.