रेषा वजा करा

ब्राह्मी मगदूमला भाऊसो सरांची कीव कधीच आली नाही. तिटकारा मात्र यायचा. तासगावजवळच्या कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख असलेले हे गृहस्थ मीन व्हॅल्यू थिअरमची सिद्धता चार पानं लिहून द्यायचे. कंस उघड, पदं हलव, पुन्हा कंस. पोरं मान खाली घालून उतरवायची. आपण हे का लिहितोय, एकालाही ठाऊक नसायचं. सरांनाही नसावं, असं ब्राह्मीचं ठाम मत.

त्याच विभागात शिकवणाऱ्या ब्राह्मीनं आपल्या तुकडीला फळ्यावर एक वक्र काढून दाखवला आणि त्याची दोन टोकं सरळ रेषेनं जोडली.

"वक्रातून ही रेषा वजा करा. उरेल ते दोन्ही टोकांना शून्य. वक्र सलग आहे, आत सगळीकडं त्याला उतार आहे. रेषेचंही तेच, म्हणून वजाबाकीचंही तेच. आता रोलचं प्रमेय लावा. मध्ये कुठंतरी वजाबाकीचा उतार शून्य, म्हणजे तिथं वक्राचा आणि रेषेचा उतार सारखा. हेच मीन व्हॅल्यू थिअरम. मधलं बीजगणित तुमचं तुम्ही भरा."

सहामाहीत आटपाडीच्या समीक्षानं नेमकं एवढंच लिहिलं, अटी कुठं लागल्या तेही सांगितलं. पेपर सरांनी तपासला. दहापैकी दोन.

ब्राह्मी तो पेपर आणि सरांची चार पानं घेऊन स्टाफरूममध्ये गेली. "सर, हिनं चुकवलं काय?"

"पायऱ्या न्हाईत. सगळा खेळ पायऱ्यांचा हाय, मॅडम."

"तुमच्या तिसऱ्या पानावर एक चिन्ह उलटं पडलंय. तिथून पुढचं सगळं चुकीचं. तरी शेवटची ओळ बरोबर. कशी काय?"

सरांनी चष्मा पुसला, पान बघितलं, पुन्हा पुसला. "उत्तर बरोबर हाय न्हवं? मग झालं की."

एवढी वर्षं ते चुकीचं चिन्ह शेकडो पोरांनी इमानानं उतरवलं होतं आणि शेकडो वेळा पूर्ण गुण मिळवले होते. ब्राह्मीला हसूही आलं नाही. समीक्षाचे गुण वाढवून घेतल्यावरच ती तिथून हलली.

पुढल्या वर्षी सरांनी चार पानं बाद केली. ब्राह्मीला क्षणभर बरं वाटलं. मग तोंडी परीक्षेला पोरं आली. एकामागून एक, सगळ्यांच्या तोंडी तिचीच वाक्यं, काना-मात्रा न चुकता. सरांनी ती फळ्यावर लिहून पाठ करून घेतली होती, "मधलं बीजगणित तुमचं तुम्ही भरा" यासकट.

"रेषाच का वजा करायची?" तिनं शिराळ्याच्या इंद्रजितला विचारलं.

"मॅडम, ते सरांनी दिलं न्हाई."

ब्राह्मीनं खडू त्याच्या हातात ठेवला. "वक्र काढ," ती म्हणाली. "आणि एक अक्षर बोलू नकोस."