म्हैस अडली तेव्हा

माझी मैत्रीण संयोगिता उचगावात म्हशी राखायची, त्यांचे व्हिडिओ टाकायची. शीर्षकात न मावलेले शब्द ती स्वतःच्या कमेंटमध्ये लिहून ती कमेंट सगळ्यात वर पिन करायची: ‘पान्हा चोरणे, लाथ मारणे, दूध चढवणे. तुमची म्हैस दूध द्यायला अडली तेव्हा काय केलंत?’

“लोकं ह्याच शब्दांनी हुडकत्यात. आन् इचारलं की बोलत्यात बघ,” ती म्हणायची.

ती अपघातात गेली. तिच्याच हाताची सवय असलेली एक म्हैस कुणालाच दूध देईना. कास दगडासारखी झाली.

मी त्या कमेंटखालची उत्तरं वाचली. एकाने लिहिलं होतं, ‘आई गेल्यावर तिचंच लुगडं नेसून धारेला बसलो.’

मी काकूंना, संयोगिताच्या आईला, हे सांगितलं. त्यांनी लेकीचा धुवायचा राहिलेला ड्रेस अंगावर चढवला.

म्हशीने वास घेतला, पान्हा सोडला. बादली भरली. काकूंना ड्रेस काढवेना.