सर अचानक ‘तमे’ म्हणाले

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. वडील कापडाच्या लूमवर, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची, आणि मी बी.एस्सी. गणित. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. कोणाला गर्व वाटला तर वाटो.

सहा वर्षं मी एका खाजगी क्लासमध्ये मराठी माध्यमाच्या नववी-दहावीला गणित शिकवलं. मालक गुजराती. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायचे. एकदा भरल्या वर्गात ते मला म्हणाले की, तुमच्या लोकांना चार अक्षरं आली की तुम्ही स्वतःला मास्तर समजता. त्याच आठवड्यात मी महिन्याची आगाऊ नोटीस देऊन टाकली. महिना पूर्ण शिकवला, एक तास बुडवला नाही. मग गोडादऱ्याला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत फळा ठोकला आणि माझा स्वतःचा वर्ग सुरू केला. त्यांच्याकडची अकरा मुलं माझ्याकडे आली. मी बोलावली नव्हती, आली.

दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज. ‘मारो वकील तारी साथे वात करशे.’ माझा वकील तुझ्याशी बोलेल. मग रोजच. तू चोर आहेस, तुझा वर्ग बंद पाडीन, तुला आत टाकीन, तुझ्या बापाला कोर्टात उभा करीन. एक पीडीएफही आली. वर सरकारी सिंह, खाली लाल गोल शिक्का, मधे मोठ्या अक्षरांत ‘फायनल वॉरंट नोटीस’.

वडिलांचा चेहरा उतरला. म्हणाले, ‘‘माफी मांगी ले बेटा, आपले कोर्टकचेरी नको.’’

मी त्यांना पीडीएफ दाखवून समजावलं. वकील पत्र पाठवतो ते स्वतःच्या लेटरहेडवर, सिंह लावून नाही. वॉरंट कोर्ट काढतं, व्हॉट्सॲपवरचे सर नाही. त्या कागदावर वकिलाचं नाव नव्हतं, सही नव्हती, मी नेमकं काय केलं तेही नव्हतं. नुसती धमकी. मी बरोबर होते, आणि बरोबर असले की माझी जीभ सुटते. मी लिहिलं, ‘‘सर, वकिलाचं नाव तरी सांगा, की तेही अजून शोधताय?’’ त्यावर चार शिव्या आल्या. नंतर आठ-दहा दिवस शांत.

मग एका दुपारी मेसेज आला. ‘तमारुं पूरुं नाम अने सरनामुं पिनकोड साथे मोकलशो.’ तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता पिनकोडसह पाठवाल. सहा वर्षांत त्यांनी मला कधी ‘तमे’, म्हणजे तुम्ही, केलं नव्हतं, कायम ‘तुं’. आईला वाटलं माणूस वरमला. मी त्यांच्याकडे अनुभवाचा दाखला दोनदा मागितला होता, त्यांच्या रजिस्टरमध्ये आमचा नवागामचा जुना पत्ता होता. दाखला पोस्टाने पाठवत असतील, असं मलाही वाटलं. ‘थँक यू सर, झालं गेलं विसरून जाऊ’ इतकं टाइपही केलं होतं. पाठवलं नाही ते एवढ्याचसाठी की ‘झालं गेलं’ म्हणजे माझ्याकडूनही काही झालं असा अर्थ निघाला असता, आणि ते मला मान्य नव्हतं.

अठवालाइन्सला कोर्टासमोर बसणाऱ्या एक वकीलबाई आहेत, मूळच्या जळगावच्या. त्यांच्या मुलीला मी शिकवलं होतं. त्यांना सगळा चॅट दाखवला. शिव्यांवरून त्यांनी अंगठा भराभर सरकवला, पीडीएफवर थांबल्यासुद्धा नाहीत. शेवटच्या मेसेजवर थांबल्या.

‘‘हा एकच खरा.’’

मी म्हटलं, हाच तर नीट बोललाय.

‘‘म्हणूनच. हा त्याने नाही लिहिला, त्याला सांगून लिहवून घेतलाय. ओरडायला पत्ता लागत नाही. नोटिशीला लागतो. वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारला असणार.’’

मी म्हटलं, मग पत्ता देतच नाही. त्या हसल्या, आणि ते हसणं मला लागलं. म्हणाल्या, लपून काय होणार, तू काय फरार आहेस? पत्ता दे, दुसरा एक शब्द लिहू नकोस. सॉरी नको, टोमणा नको. चॅट पुसू नकोस. पाकीट आलं की सही करून घे. घरच्यांनी परत पाठवलं तर ‘नाकारलं’ असा शेरा पडतो, आणि कायदा बहुतेक वेळा ते मिळालंच असं धरतो. तुझ्या हातात मात्र काही राहत नाही.

मी पत्ता तेवढा पाठवला. नशीब, पाकीट घ्यायचं हे घरी सांगून ठेवलं. पोस्टमन आला तेव्हा आई दार लावून घ्यायच्याच बेतात होती.

ही नोटीस दोन पानी होती. वकिलाचं नाव, नोंदणी क्रमांक, सही. ‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून’ अशी सुरुवात. जेल नाही, चोर नाही, बाप नाही. मी कधी रुजू झाले, कधी सोडलं, सगळं बिनचूक. मागण्या दोन. एक, नोकरी लागताना मी सही केलेल्या बाँडप्रमाणे दोन वर्षं त्या भागात वर्ग घ्यायचा नाही. दोन, क्लासच्या छापील नोट्सच्या प्रती मी माझ्या वर्गात वाटते, ते थांबवून सगळ्या प्रती परत करायच्या. सोबत एका पानाची झेरॉक्स, वरचं क्लासचं नाव पांढऱ्या शाईने खोडलेलं. ते मीच खोडलं होतं. पंधरा दिवसांत उत्तर.

शिव्यांनी मी हलले नव्हते. त्या पानाने हलले.

वकीलबाईंनी पहिली मागणी बाजूला सारली. नोकरी सोडल्यावर माणसाला त्याचा धंदा करू नको म्हणणारी अट आपल्याकडे कायद्यात टिकत नाही, वर्ग चालू ठेव. मग दुसरीवर बोट ठेवलं. मी चढ्या आवाजात म्हटलं, या नोट्स मीच लिहिल्यात, भूमितीचं अक्षर न् अक्षर माझं आहे.

‘‘पगारावर असताना लिहिल्यास? त्या क्लाससाठी?’’

‘‘हो.’’

‘‘वेगळं काही लिहून ठरलं होतं?’’

नव्हतं.

‘‘मग त्या त्याच्या. गणित त्याचं नाही. तू केलेली मांडणी त्याची.’’

इतका राग मला त्या सगळ्या शिव्यांचा आला नव्हता. पगारात मी तास विकले होते असं मी समजत होते. माझी भूमितीही विकली गेलीय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. बाईंवरही चिडले. त्या म्हणाल्या, चीड, पण प्रती आजच थांबव. हा खटला त्याने घातला तर उभा राहण्यासारखा आहे, आणि तू वाटत राहिलीस तर वर्ग थांबवायची वेळ तुझ्यावर तूच आणशील.

उत्तर त्यांनी आठव्या दिवशी पाठवलं. बाँडची अट अमान्य. नोट्सचा वापर कोणताही आरोप मान्य न करता बंद केला आहे, प्रती पाठवत आहोत. मी मुलांकडून एकेक प्रत मागून घेतली. एका मुलाच्या आईने दारातच ऐकवलं की, नोट्स सरांच्याच होत्या तर मग तुमच्याकडे ठेवलंय काय? चार मुलं परत तिकडे गेली. त्यांना अडवलं नाही, समजावलंही नाही.

समोरच्या वकिलाचं दोन ओळींचं पत्र आलं, प्रती मिळाल्या म्हणून. बाँडचा त्यात शब्द नाही. दावा आजवर आलेला नाही. सरांना मी ब्लॉक केलेलं नाही. त्यांना लिहायचं असेल ते लिहू देत.

सात मुलं राहिली. भूमिती मी पहिल्यापासून परत लिहायला घेतली, नवी उदाहरणं, नवा क्रम. वर्तुळाचा धडा माझ्याच जुन्या लिखाणापेक्षा वेगळा लिहायचा म्हणजे दर चौथ्या ओळीला मी मलाच खोडत होते. तो लिहून झाला तेव्हा पहिल्या पानावर मी स्वतःचं नाव घातलं आणि मगच झेरॉक्सला दिला.