पाय हलायचा थांबला तेव्हा

मी जहाजावरचा चीफ कुक. वीस-बावीस माणसांना तीन वेळा खाऊ घालणारा, आणि स्वतःही उरलंसुरलं वाया जाऊ न देणारा. त्याचा हिशेब एकशे चार किलोंवर गेला. कंपनीच्या डॉक्टरांनी फिटनेसचा दाखला अडवला आणि नव्वदच्या आत येऊन दाखवा म्हणाले. मी रत्नागिरीला घरी आलो आणि कामाला लागलो.

कुकला मापाचं काय सांगायचं? तांदूळ, तेल, भाकरीचं पीठ, बांगड्याचा तुकडा, सगळं काट्यावर. बायको म्हणायची, "अहो, घरात सोनार आलाय की नवरा?" सात महिन्यांत त्र्याण्णव किलोंवर आलो. मिशीला पीळ देत गावभर फिरलो.

मग काटा अडला. एक आठवडा, दोन, चार. कंपनीच्या तपासणीला दहा आठवडे उरले होते. ती हुकली तर पुढचं जहाज गेलंच. त्या चार आठवड्यांत मी रात्रीची भाकरी बंद केली आणि सकाळचं भाट्याच्या किनाऱ्यावरचं चालणं दुप्पट केलं. चालून आलो की दिवसभर ओटीवर बसून राहायचो. एप्रिल महिन्यात मला गार वाजायचं. झोप धड लागत नव्हती आणि बायकोने भांडं आपटलं तरी मी अंगावर धावायचो. त्याची आता लाज वाटते.

बाजारातल्या आहारतज्ज्ञ मुलीकडे गेलो. वय माझ्या भाचीएवढं, आणि मला 'काका' म्हणते! मी सेहेचाळीसचा. तिने माझी वही पानापानाने तपासली.

"स्वयंपाक करताना चव घेता का काका? ती लिहिता का?"

"चमच्यासकट लिहितो," मी फणकाऱ्याने म्हणालो. होतंही तसंच, तिला वहीत चूक सापडेना. वातावरण हलकं करावं म्हणून मी आईची गंमत सांगितली. मी बसलो की माझा उजवा पाय सारखा हलतो. पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते म्हणून आईने लहानपणापासून त्यावर चापट्या मारल्या. परवा मात्र ती कौतुकाने म्हणाली होती, "शाना झालास रे. म्हयना झाला, तुजा पाय गप हाय."

मला वाटलं, मुलगी हसेल. ती सावरून बसली. "काका, हेच हवं होतं मला."

तिने समजावलं ते असं. चौदा किलोंमधले अकरा गेले, म्हणजे लहान झालेल्या अंगाला मुळातच कमी लागतं. त्यात बरेच महिने कमी खाल्लं की शरीर आणखी काटकसर करतं. भूक वाढवतं आणि नकळत हालचाल कमी करतं. पाय हलत नाही, हातवारे होत नाहीत, माणूस उठायचा कंटाळा करतो. सकाळी चालून जाळलेलं मी दिवसभर बसून परत वाचवत होतो. आणखी कमी खाल्लं तर आणखी गप बसणार.

"आता दोन आठवडे वजन कमी करायचं नाही. पोटभर जेवायचं. पण एकशे चार किलोंच्या माणसाचं नाही, त्र्याण्णव किलोंच्या माणसाचं जेवण. भात, भाकरी वाढवा, मासे आहेत तेवढेच ठेवा, व्यायाम चालू ठेवा."

"यानं शरीर पूर्वीसारखं होतं?"

"जादू नाही काका. काटकसर थोडी सैल होते. मुख्य म्हणजे तुम्ही पुढचे दोन महिने टिकाल. पहिल्या आठवड्यात किलोभर वाढेल, ते बहुतेक पाणी. घाबरून उपास धरू नका."

दहातले दोन आठवडे असे द्यायचे म्हणून मी उरलेले आठ बोटांवर मोजले. घरी येऊन सांगितलं, तर बायकोने भाताचं पातेलं मोठं घेतलं. मापाचाच, पण ताटात भात दिसू लागला. पाचव्या दिवशी काटा चौऱ्याण्णवच्या वर गेला आणि मी अन्न नको म्हणून रुसून बसलो. "पाणी आहे ते, बाईंनी सांगितलंय ना? जेवा," बायको म्हणाली. जेवलो. त्या रात्री मात्र सलग झोपलो.

दहाव्या-अकराव्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आईचं लक्ष पाण्याच्या तांब्याकडे गेलं. तांब्या खुळखुळत होता, कारण माझा गुडघा टेबलाला आपटत होता. सवयीने आईचा हात चापट मारायला उठला. मी पाय आवरला. तिने हात तसाच माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "हलव मेल्या, हलव. लक्ष्मीला मी सांगतंय बसायला." बायकोला हसू आवरेना आणि मला गहिवरून आलं.

मग पुन्हा माप, पुन्हा वही. वरचं पाणी आठवड्यात उतरलं आणि काटा सावकाश, पण खाली सरकू लागला. तपासणीच्या दिवशी एकोणनव्वद पॉइंट चार.

आता मी पुन्हा जहाजावर आहे. व्हिडिओ कॉल लागला की आई 'जेवलास का' असं विचारत नाही. म्हणते, "पाय दाखव." मी फोन टेबलाखाली धरतो. पाय हलताना दिसला की तिचं समाधान होतं, आणि मग ती फोन बायकोकडे देते.