सावंतवाडीचा फासा आणि माझा शनिवार

त्या वर्षी मी जेमतेम पासष्टीची होते, म्हणजे पोरवयच म्हणायचं. रिटायर होऊन थोडी वर्षं झालेली, केस काळे करणारी आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत असलेली. आज त्या बाईला पाहिलं तर मी तिला एका जागी बसवून आधी ताक पाजेन.

ठाण्याच्या कॉलेजात जन्मभर मी संख्याशास्त्र शिकवलं. माझ्या विहीणबाईंनी, म्हणजे सुनेच्या आईंनी, तेच कल्याणच्या कॉलेजात शिकवलं. पेपर तपासायला आम्ही एकाच केंद्रावर जायचो. त्यांच्या गठ्ठ्यातली मुलं माझ्या मुलांपेक्षा जास्त पास व्हायची, तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. पुढे माझ्या मुलाने त्यांचीच मुलगी पसंत केली. या योगायोगाची शक्यता मी आधी काढून ठेवायला हवी होती.

नात झाली, मोठी झाली आणि तिनेही संख्याशास्त्रच घेतलं. राहायची ठाण्यात वर्तकनगरला, माझ्याच घरात. पण दर शनिवारी कॉलेज सुटलं की ही डोंबिवलीला, माईकडे, म्हणजे विहीणबाईंकडे. माईकडे लुडो, माईकडे तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, माईकडे गच्ची. आमच्याकडे गच्चीला कुलूप आणि दुधी.

लुडोचा फासा सावंतवाडीचा, लाकडी, लाखेने रंगवलेला. विहीणबाई तो डबीत कापसावर ठेवत. रविवारी नात परत आली की सांगायची, ''आजी, मी परत जिंकले. सहा, सहा, सहा.''

''फासा खोटा असेल,'' मी दुधी चिरता चिरता म्हणायचे.

मग तिला प्रॅक्टिकल आलं: घरातला एखादा फासा घ्या, टाका आणि तो खरा आहे की नाही हे काय-स्क्वेअर चाचणीने तपासा. तिने अर्थातच माईचा फासा घेतला. तिला कुठलीशी सिरीज बघायची होती म्हणून चोवीस वेळा टाकला आणि कागद माझ्यापुढे धरला. एक आला एकदा. दोन, तीन, चार प्रत्येकी तीनदा. पाच चारदा. आणि सहा दहा वेळा.

मला आनंद लपवता येईना. फासा खरा असेल तर चोवीसमध्ये प्रत्येक आकडा चारदा यावा अशी अपेक्षा. प्रत्यक्ष आणि अपेक्षा यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, अपेक्षेने भागायचा, सहाही आकड्यांची मिळून बेरीज करायची. मी तोंडीच केलं. बारा. पाच टक्क्यांच्या पातळीवर तक्त्यातली मर्यादा अकरा पूर्णांक शून्य सातची. बारा त्याच्या वर.

''खोटा,'' मी म्हणाले. ''सांग तुझ्या माईला.''

नातीने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, ''अगं, अपेक्षा चारचीच ना? पाचाच्या खाली अपेक्षा असली की तो तक्ता लागू पडेलच असं नाही. घरं, म्हणजे दोन-दोन आकडे, जोडून घ्यायची असतात. तुझ्या आजीला आठवत नसेल, वय झालंय.''

माझ्याहून त्या दोन वर्षांनी मोठ्या.

''मला आठवतंय,'' मी म्हणाले. ''मी बघत होते तुम्हाला आठवतंय का. चला, जोडू या. एक-दोन, तीन-चार, पाच-सहा.'' तीन घरं झाली, प्रत्येकाची अपेक्षा आठ. प्रत्यक्षात चार, सहा आणि चौदा. उत्तर सात. तीन घरांसाठी मर्यादा सहाच्या जरा खाली, म्हणजे सात वरच. ''अजूनही खोटा, विहीणबाई.''

''शेजारचे आकडे कशाला जोडता? फाशावर एकाच्या समोर सहा असतो, दोनाच्या समोर पाच, तिनाच्या समोर चार. समोरासमोरचे जोडा.''

जोडले. अकरा, सात, सहा. उत्तर पावणेदोन. फासा धुतल्या तांदळासारखा.

मग मात्र मी उसळले. ''अहो, एकाच्या बाजूला वजन असेल तर एक खाली जातो आणि सहा वर येतो. तेच दोन तुम्ही एका घरात कोंबलेत. एकाची तूट सहाने भरली. चोराला आणि पोलिसाला एकाच खोलीत बसवून म्हणताय, सरासरी बरी आहे.''

''आणि तुम्ही सहाला पाचाची सोबत दिलीत, एकाची नाही. ते का बरं?''

 खरं कारण नातीसमोर सांगण्यासारखं नव्हतं: मला फासा खोटाच हवा होता. मी रागाने सरळ पैजच लावली. फासा खोटा निघाला तर शनिवार वर्तकनगरला. खरा निघाला तर मी डोंबिवलीबद्दल पुन्हा अक्षर काढणार नाही.

''चालेल,'' विहीणबाई म्हणाल्या. ''पण फाशाच्या घरी या.''

शनिवारी आम्ही दोघी तिच्या माईच्या बैठकीत समोरासमोर बसलो. मी घरून तक्ता घेऊन गेले होते, त्यांनीही काढून ठेवला होता. नात मधे मांडी घालून बसली आणि दोन्ही तक्ते तिने मांडीखाली घेतले.

''आधी माझं ऐका. तुम्ही दोघींनी आकडे बघून जोड्या लावल्यात. आमच्या मॅम याला झीरो देतात. जोड्या टाकण्याआधी ठरवायच्या, ते पण किती आले ते बघून नाही, किती यायला हवेत ते बघून. आणि इथे जोड्यांची गरजच काय? घरं रिकामी आहेत कारण मी आळशीपणा केला. जास्त टाकू.''

''मग ते चोवीस धर आणि पुढे टाक,'' मी पटकन म्हणाले. दहा वेळा आलेले सहा हातचे जाऊ द्यायचे माझ्या जिवावर आलं होतं.

''नाही. त्यांच्यावरूनच तर संशय आला. नवीन एकशेवीस. प्रत्येकाची अपेक्षा वीस. जोडाजोडी बंद.''

विहीणबाई माझ्याकडे बघून हसल्या. हे वाक्य तिला त्यांनी शिकवलं होतं की मी, हे आजही मला ठरवता आलेलं नाही. मला वाटतं त्यांनी.

कुणाच्या हातावर कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून फासा स्टीलच्या पेल्यात घालून, हलवून, चटईवर पालथा घालायचा असं ठरलं. पाळीपाळीने. माझ्या पाळीला मी मनात सहाचा जप करत होते. पस्तीस वर्षं मुलांना सांगितलं की फाशाला कान नसतात, आणि इथे त्याला नवस बोलत होते.

अठरा, तेवीस, सतरा, एकवीस, एकोणीस, बावीस.

बेरीज करायची गरजच नव्हती, पण विहीणबाईंनी मला मुद्दाम करायला लावली. एक पूर्णांक चार. अकराच्या आसपासही नाही.

''खरा,'' त्या म्हणाल्या.

''खोटा असल्याचा पुरावा मिळाला नाही,'' मी म्हणाले. ''दोन्हींत फरक आहे. कल्याणला शिकवत नसतील.''

नात हसत हसत चटईवरच आडवी झाली. ''आजी, शनिवार गेला तुझा.''

शब्द दिलेला होता, म्हणून डोंबिवलीबद्दल अक्षर काढलं नाही. पण बोलायचं नाही म्हणजे जायचं नाही, असं कुठे ठरलं होतं? पुढच्या शनिवारी नातीच्या पाठोपाठ मीही निघाले. लक्ष ठेवायला, दुसरं काही नाही. तिसऱ्यांचं सुकं खरंच बरं असतं. थोडं तिखट.

आता नात बंगळुरूला नोकरी करते. शनिवारी तिच्या माईकडे आम्ही दोघीच लुडो मांडतो. पेला अजून तोच, कारण हातावरचा विश्वास अजून बसलेला नाही. तिचा व्हिडिओ कॉल साधारण चहाच्या वेळी येतो. दोन फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले असतात. कधी हा वाजतो, कधी तो. विहीणबाईंचा जास्त वाजतो असं माझं ठाम मत आहे.

मी मोजायला सुरुवात केली आहे. या वेळी घरं दोनच, त्यांचा फोन आणि माझा, त्यामुळे जोडण्याचा प्रश्न नाही. फक्त कॉल पुरेसे व्हायला हवेत, आणि तेवढे शनिवार मी विहीणबाईंना सोडणार नाही.