वेतकाकांच्या तिरप्या पट्ट्या

कडधान्य जितकं जास्त भिजेल तितकं चांगलं, या हिशोबाने मी वेतही भिजवला. माझी चूक ती. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर तेवढंच वाक्य आहे, पण झालं ते त्याहून जास्त.

सासूबाईंना खाली बसता येत नाही. जप त्या खुर्चीवर बसून करतात आणि त्या खुर्चीचीच वेताची बैठक फाटली होती. ती नवी विणायला वेतकाका येत होते. सत्तरी ओलांडलेले, डोळ्यांवर सायीसारखा पडदा. शाळेच्या एका खुर्चीत त्यांच्या तिरप्या पट्ट्या उलट्या पडल्या आणि महिन्याभरात तुटल्या. तेव्हापासून त्यांची लेक, दवाखान्यात परिचारिका आहे ती, मागे लागली होती, "बाबा, पुरे आता."

"एवढी एक खुर्ची करतो, ताई," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "ही बिघडली तर लेकीचं ऐकायचं, असं कबूल केलंय मी."

दोन दिवसांत त्यांनी जुना वेत काढला, चौकटीतली भोकं टोच्याने साफ केली, उभ्या-आडव्या पट्ट्या जोडीजोडीने ओवून घेतल्या. सुटू नयेत म्हणून भोकात लाकडी खुंट्या ठोकायच्या, चकाकती बाजू वर ठेवायची. हे सगळं बोटांनी. तिरप्या तेवढ्या राहिल्या. जाताना म्हणाले, "उद्या मी आलो की पट्ट्या भिजवू. वीस मिनिटं पुरे."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला ताटकळत ठेवायचं? संध्याकाळीच लोखंडी घमेल्यात कढत पाणी ओतलं आणि उरलेली सगळी जुडी बुडवून टाकली.

सकाळी काकांनी एक पट्टी उचलली. नखाने दाबली, तिचा धागा धागा सुटला. "हिला तर केस आले की हो," एवढंच म्हणाले. रंग काळपट झाला होता, तो त्यांना दिसला नसावा. मग मला त्यांच्या लेकीला फोन करायला लावला, घरची दुसरी जुडी घेऊन ये म्हणून.

ती कामावर जाता जाता आली. घमेलं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "भिजत घातलं आणि विसरलात ना? बाबा, आता वेळेचाही पत्ता लागत नाही तुम्हाला!"

काका टोच्या पुसत राहिले. सांगू का नको, असं मनात आलं, हे कबूल करायला लाज वाटते. रोज देवापुढे डोळे मिटून बसणारी मी, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर माझं खापर फुटताना बघत उभी!

"अगं, ते मी केलं," मी म्हटलं. "हरभऱ्यासारखं भिजत घातलं. काकांनी वीस मिनिटं सांगितली होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग काकांकडे वळली, "तुम्ही का नाही बोललात?"

"ज्यांच्या घरात बसलोय, त्यांनाच काय बोलू?" काका म्हणाले.

"बरं. पण शाळेची खुर्ची काही काकूंनी भिजवली नव्हती." तिने पर्स खाली ठेवली आणि स्टूल ओढलं. "विणा. मी बघते."

नवी जुडी कोमट पाण्यात पडली. मी घड्याळ धरून बसले. मग काकांनी पहिली तिरपी ओवली, उभ्या जोडीच्या खालून, आडव्या जोडीच्या वरून. दुसऱ्या बाजूने येणारी तिरपी याच्या बरोबर उलट जाते. नीट गेली तर जोड्यांच्या कोपऱ्यात सरकून बसते. चुकली तर अडते, घासते आणि तिथेच तुटते.

दुसऱ्या बाजूची पाचवी ओढताना त्यांचा हात थांबला.

"काय झालं?" लेक वाकली. "बरोबर तर दिसतंय."

"दिसू दे. हाताला टोचतंय." त्यांनी पट्टी पुढेमागे हलवली. "ही बघ, कचकचतेय. मागे दोन घरं सोडून आडव्या जोडीच्या वरून गेलीय."

तिने डोळे बारीक करून घरं मोजली. तिसऱ्या वेळेला तिला सापडलं. काकांनी पट्टी उसवून पुन्हा ओवली. या वेळी ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"मग शाळेच्या खुर्चीत हे का नाही कळलं?" तिने विचारलं, पण आवाज खाली आला होता.

"तेव्हा डोळ्यांवर भरवसा ठेवला होता," काका म्हणाले. "दिसतंय असं वाटायचं ना अजून."

ती उरलेल्या पट्ट्या एकेक करून काकांच्या हातात देत राहिली. मनगटावरचं घड्याळ बघून दचकली आणि पर्स उचलली. दारातून परत फिरली, माझ्या घमेल्यातल्या पट्ट्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या.

"काकू, काठाची पट्टी बसवायला यांना उद्या यावं लागेल ना? दहाला आणून सोडते," ती म्हणाली. "आणि तोवर कशालाही पाणी लावू नका."